नव्यात काहीच वजा होत नसतं

जानेवारी उजाडला की आमच्या केंद्रातले मास्तर आणि मॅडम माझ्याशी अचानक गोड बोलायला लागतात. केंद्र म्हणजे आसपासच्या जिल्हा परिषद शाळांचा गट. एरवी माझ्या वाटेला कुणी फारसं जात नाही, कारण मी तोंडाने तिखट आहे आणि ते मलाही माहीत आहे. पण वर्षाच्या पगारावर आयकर किती बसतो याचा तक्ता प्रत्येकाला तालुक्याच्या ऑफिसात द्यावा लागतो. तो तक्ता बिनचूक मांडणारी म्हणून पंचवीस वर्षांत माझं नाव झालं आहे. फेब्रुवारी सरला की गरज सरो आणि वैद्य मरो. मला त्याचं वाईट वाटत नाही, कारण खरं सांगायचं तर त्या एका महिन्यात मला फार मोठं झाल्यासारखं वाटतं.

त्या वर्षी माझ्याकडे सहा जणांचे तक्ते होते. त्यातला एक तक्ता आमच्याच शाळेतल्या सरांचा. जवळा बाजारपासून थोड्या अंतरावर आमची शाळा आहे, सातवीपर्यंतची. सर चाळिशी ओलांडलेले, शांत, हळू बोलणारे. इतके हळू की मागच्या बाकावरच्या पोरांना ऐकू जात नाही, अशी माझी तक्रार असे. त्यांना लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगी झाली. ती तीन वर्षांची होत आली तरी एक शब्द बोलेना. नांदेडला तपासणी केली तेव्हा कळलं, लेकराला नीट ऐकूच येत नाही.

डॉक्टरांनी दोन्ही कानांची मशीनं लावायला सांगितलं होतं, आणि लवकर. बोलणं शिकायचं हेच वय, गेलेला महिना परत येत नाही, असं त्यांनी बजावलं होतं. दोन्ही मशीनं मिळून सत्तर हजार. घराच्या कर्जाचा हप्ता, आधीच्या तपासण्या, दवाखान्याच्या चकरा यात सरांची शिल्लक संपली होती. आणखी कर्ज काढायला ते तयार नव्हते. फेब्रुवारीचा पूर्ण पगार हातात आला की त्यात थोडी भर घालून मशीनं आणायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

आणि फेब्रुवारीच्या पगाराचंच तर दुखणं होतं. आयकर दर महिन्याला थोडा थोडा कापून घ्यावा असा नियम आहे, पण आमच्याकडे कुणी ते मनावर घेत नाही. सगळं शेवटावर ढकलायचं आणि फेब्रुवारीत एकदम कापून घ्यायचं, अशी चाल पडली आहे. त्यामुळे कर जास्त निघाला की त्या महिन्यात माणसाच्या हातात भाजीपुरते पैसे येतात.

सर मधल्या सुट्टीत पगाराच्या पावत्या घेऊन माझ्यासमोर बसले.

"मॅडम, कसंही करा, पण कमी बसवा," ते म्हणाले. "लेकराचं मशीन हाये मधी."

"कमी बसवायला मी काय दुकानदार आहे? जे निघतं ते निघतं," मी म्हणाले. पण मनातून मी ठरवलं होतं की एक रुपयासुद्धा जास्त जाऊ द्यायचा नाही.

मी मांडणी सुरू केली. त्यांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून वर्षाचे अकरा लाख. घरभाडे भत्ता आणि बाकीचे मिळून एक लाख एक हजार. त्यात आणखी एक रक्कम होती, शासन हिस्सा. सर दोन हजार पाचनंतर नोकरीला लागलेले, म्हणजे नव्या पेन्शनवाले. त्यांच्या पेन्शनच्या खात्यात सरकार दरमहा मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या चौदा टक्के रक्कम स्वतःकडून भरतं. ते पैसे त्यांच्या हातात कधी येत नाहीत, पण उत्पन्नात धरावे लागतात. तो हिस्सा झाला एक लाख चोपन्न हजार. एकूण बेरीज तेरा लाख पंचावन्न हजार.

आता कराच्या दोन पद्धती आहेत, जुनी आणि नवी. दोन्हींनी मांडून बघायचं आणि जी स्वस्त पडेल ती घ्यायची. नव्या पद्धतीत दर कमी, पण वजावटी जवळपास नाहीत. जुन्या पद्धतीत दर जास्त, पण विमा, घरकर्जाचं व्याज, असलं बरंच काही वजा होतं.

मी आधी नवी मांडली. तेरा पंचावन्नमधून पंच्याहत्तर हजारांची प्रमाणित वजावट गेली, उरले बारा लाख ऐंशी हजार. पहिल्या चार लाखांवर काही नाही. पुढच्या चार लाखांवर पाच टक्के म्हणजे वीस हजार. त्यापुढच्या चारवर दहा टक्के, चाळीस हजार. उरलेल्या ऐंशी हजारांवर पंधरा टक्के, बारा हजार. झाले बहात्तर हजार. त्यावर चार टक्के उपकर. चौऱ्याहत्तर हजार आठशे ऐंशी.

सरांचा चेहरा उतरला. उत्पन्न बारा लाखांच्या आत असतं तर सूट मिळून सगळा कर माफ झाला असता. आम्ही ऐंशी हजारांनी बाहेर पडलो होतो.

"मॅडम," सर दबकत म्हणाले, "ते शासन हिस्सा नव्यात बी वजा होते म्हणत्यात. आखाडा बाळापूरचा माझा साडू सांगू राहिला होता."

इथे माझं डोकं सटकलं. शेजारी दोन मॅडम डबा खात बसल्या होत्या, त्यांच्यासमोर मी सरांवर तोंड सोडलं. "नव्यात काहीच वजा होत नसतं, सर! पंच्याहत्तर हजार, बास! तुमच्या साडूलाच भरू द्या मग तक्ता. माझ्याकडे काहून आलात?"

त्या दोघी डब्यात बघत राहिल्या.

माझी चूक कुठे होती ते आता सांगून टाकते. मी त्यांच्या कितीतरी आधी नोकरीला लागले, मी जुन्या पेन्शनवाली. माझ्या पगाराच्या पावतीवर शासन हिस्सा नावाची ओळच नाही. नवी पद्धत आली तेव्हा मी ती माझ्या पगारावरून शिकले. माझ्यापुरतं माझं वाक्य खरं होतं, आणि जे माझ्यापुरतं खरं ते साऱ्या केंद्रापुरतं खरं, असं मी धरून चालले.

मग मी जुनी पद्धत मांडली. पन्नास हजार प्रमाणित वजावट, अडीच हजार व्यवसाय कर. घरकर्जाचं व्याज एक लाख साठ हजार. विमा, कर्जाचं मुद्दल आणि पेन्शनमधला त्यांचा स्वतःचा वाटा यातून दीड लाख, आणि त्याच वाट्यातले आणखी पन्नास हजार वेगळ्या कलमाखाली. शासन हिस्सा एक चोपन्न. जुन्यात तो वजा होतो हे मला पाठ होतं, कारण जुना तक्ता मी दुसऱ्यांसाठी वर्षानुवर्षं भरत आले होते. उरले सात लाख अठ्ठ्याऐंशी हजार पाचशे. कर त्र्याहत्तर हजार आठ रुपये. नव्यापेक्षा जेमतेम दोन हजारांनी कमी.

तेवढ्यात मला ते कलम आठवलं. घरातल्या अवलंबून असलेल्या माणसाला अपंगत्व असेल, चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त, तर जुन्या पद्धतीत सरसकट पंच्याहत्तर हजार वजा होतात. खर्चाच्या पावत्या लागत नाहीत, सरकारी दवाखान्याचं प्रमाणपत्र मात्र लागतं. मी पटकन आकडा काढला. कर येत होता सत्तावन्न हजार चारशे आठ. पंधरा हजार सहाशे रुपये वाचत होते.

मी अगदी खूश होऊन सांगितलं, "जुनी घ्या, आणि मुलीचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढा."

सर पावत्या गोळा करता करता म्हणाले, "घरी इचारून सांगतो."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना त्यांची बायको फाटकापाशी उभी होती. मुलगी कडेवर. शेतकऱ्याच्या घरातली, अंगाने बारीक बाई. मी तिला ताई म्हणते, ती मला मॅडम.

"मॅडम, ते कागदावर लिव्हाच लागते का?" तिने विचारलं. "मशीन लावल्यावर लेकरू बोलणारच हाये. मंग तिला अपंग म्हणून काहून लिव्हावं? उद्या लग्नाच्या टायमाला लोक तेच काढून दाखवतील."

"ताई, कागदाने कुणी अपंग होत नसतं," मी म्हणाले. "आहे ते आहे. तुम्ही लाजता म्हणून सरकार पंधरा हजार सोडणार नाही. भावना घरी ठेवा आणि गुरुवारी सिव्हिलला जा."

आज ती वाक्यं आठवली की माझे कान तापतात. त्यातलं पहिलं खरं होतं, अजूनही मला ते खरंच वाटतं. प्रमाणपत्रात लाज वाटावं असं काही नाही, त्याचे पुढे फायदेही असतात. पण ते कधी काढायचं हे त्या आईने ठरवायला हवं होतं. मी ते पंधरा हजारांच्या बोलीवर तिच्याकडून ओढून घेतलं.

ते दोघं हिंगोलीला सिव्हिल हॉस्पिटलात तीन वेळा गेले. एकदा तपासणी, एकदा कागद अपुरे होते म्हणून, एकदा प्रमाणपत्र घ्यायला. प्रमाणपत्रावर चौसष्ट टक्के लिहिलं होतं, आणि मुलीचा फोटो. फोटोत तिने नवा फ्रॉक घातला होता. सरांनी झेरॉक्स माझ्यासमोर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिले. मी ती तक्त्याला टाचली आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सगळा गठ्ठा ऑफिसला दिला. त्या दिवशी मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितल्याचंही आठवतं, की मी एका लेकराच्या मशीनचे पंधरा हजार वाचवले.

नंतरच्या एका शनिवारची गोष्ट. सकाळची शाळा करून मी घरी आले. जेवण झालं आणि सहज म्हणून स्वतःचा कर आयकर खात्याच्या साइटवर तपासायला बसले. दरवर्षी बसते. आपला आकडा आणि सरकारचा आकडा सारखा आला की जिवाला बरं वाटतं. नव्या पद्धतीचं पान उघडलं. एकेक चौकट भरत खाली आले. एक चौकट होती, नोकरी देणाऱ्याने पेन्शन खात्यात भरलेल्या रकमेची वजावट. मी सवयीने शून्य टाकलं आणि पुढे गेले.

मग थांबले.

पान वर सरकवून पाहिलं. नवी पद्धत. पुन्हा खाली आले. चौकट तिथेच होती. मी दरवर्षी तिच्यात शून्य टाकत होते, कारण माझं शून्यच होतं. ती चौकट नव्या पद्धतीत काय करते आहे, असा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. गणित शिकवणारी बाई मी.

मी सरांच्या तक्त्याची माझ्याकडची प्रत काढली आणि कागदावर मांडलं. तेरा पंचावन्न वजा पंच्याहत्तर, बारा ऐंशी. वजा एक चोपन्न. अकरा लाख सव्वीस हजार. बाराच्या आत. कर निघतो बावन्न हजार सहाशे, आणि उत्पन्न बाराच्या आत असल्याने सगळाच्या सगळा माफ. शून्य. मी साइटवर त्यांचे आकडे टाकून पाहिलं. तिथेही शून्य. पुन्हा टाकून पाहिलं, चौदा टक्क्यांचा नियम वाचून पाहिला. शून्यच.

सत्तावन्न हजार चारशे आठ रुपये मी त्यांच्या पगारातून कापायला लावले होते. आणि ते प्रमाणपत्र! कराला त्याचा काही संबंधच उरला नव्हता.

बाकीचे पाच तक्ते तपासले. तिघे माझ्यासारखे जुन्या पेन्शनचे. दोघी नव्या, पण त्यांचं उत्पन्न शासन हिस्सा धरूनही बारा पंच्याहत्तरच्या आत, त्यांचा कर आधीच शून्य होता. चूक एकाच माणसाच्या वाट्याला गेली होती. ज्याच्यावर मी ओरडले, त्याच्याच.

ऑफिसातल्या लिपिकांना फोन लावला. वयस्कर माणूस, कधी आवाज चढवत नाहीत.

"मॅडम, त्यात घाबरण्यासारखं काय?" ते म्हणाले. "सरांना जुलैत रिटर्न भरताना नवी पद्धत घेऊ द्या. नोकरदाराला तवा बदलता येते. कापलेले सगळे परत येतील."

"परत कधी येतील?"

"रिटर्न भरल्यावर. मंग महिना लागो, तीन महिने लागो. ते काय आपल्या हातात हाये?"

म्हणजे मशीन पावसाळ्याच्या शेवटी. डॉक्टरांनी गेलेल्या महिन्याबद्दल काय सांगितलं होतं ते मला शब्दाशब्दाने आठवत होतं. मी विचारलं, आत्ता काही होईल का?

"पगाराचं बिल सोमवारी दुपारी पुढं जाऊन राहिलं. एकदा गेलं की मंग न्हाई. सोमवारी अकराच्या आत तक्त्याचं नवं शीट आणा. आणि सरांचं सहीचं पत्र पायजे, मी नवी पद्धत निवडतो म्हणून. तुमची सही चालणार न्हाई."

म्हणजे सरांकडे जावंच लागणार होतं. खोटं का सांगू, मनात आलं होतं की नुसती सही मागावी आणि नियम बदलला असं काहीतरी सांगावं. हा विचार मी पाच-दहा मिनिटं जवळ बाळगला. नवं शीट तयार केलं, पत्राचा मजकूर लिहिला, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगाचच ओटा पुसत बसले. चार वाजले. पाच वाजले. दर अर्ध्या तासाने मी स्वतःला सांगत होते की उद्या रविवार आहे, उद्या जाऊ. शेवटी नवरा म्हणाला, "चूक केली तू आणि ओट्याला काहून घासून राहिलीस?" मी स्कूटीची किल्ली घेतली.

सरांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. बाजाराचा दिवस होता, रस्त्यात बैलगाडी, टेम्पो, भाजीची पालं. माझ्या मनात वाक्यं जुळत होती आणि मोडत होती. घरी पोचले तेव्हा सर अंगणात खाटेवर बसले होते. ताई शेंगा सोलत होती. मुलगी तिच्या पाठीशी टरफलांचे ढीग करत बसली होती. मी आल्याचं तिला कळलं नाही. मी अगदी समोर गेले तेव्हा तिने वर पाहिलं.

मी चहाला नको म्हटलं आणि उभ्यानेच सांगितलं. "सर, माझी चूक झाली. शासन हिस्सा नव्यातही वजा होतो. तुमचा साडू बरोबर होता. तुमचा कर शून्य आहे."

सरांना आधी कळलंच नाही. "शून्य म्हंजे?"

"म्हणजे काही नाही. एक रुपया नाही. पण सोमवारी अकराच्या आत हे पत्र द्यावं लागतं. नाही दिलं तर सत्तावन्न हजार कापले जातील आणि पावसाळ्यात परत मिळतील."

मी शीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते सावकाश वाचलं, बोट ठेवून, एकेक ओळ. मी ओरडले त्या दिवशी त्यांनी असंच वाचून मला दाखवलं असतं, पण मी कुठे वाचू दिलं होतं? वाचून झाल्यावर त्यांनी सही केली. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

ताईने विचारलं, "मंग ते सर्टिफिकेट लागलंच न्हाई म्हणा की."

"नाही."

"वापस करता येते का ते?"

मी म्हणाले, पुढे कशाला ना कशाला उपयोगी पडेल. एसटीचा पास असतो, शाळेत सवलत असते. ती ऐकत होती आणि शेंगा सोलत होती. मग म्हणाली, "त्या फोटोसाठी तिला नवा फ्रॉक घेतला होता मॅडम. फोटो काढायचाच तर चांगला यावा म्हणून." तिच्या आवाजात राग नव्हता. मला रडू आलं आणि ते दिसू नये म्हणून मी स्कूटीच्या डिकीत काहीतरी शोधत राहिले.

रविवार कसा गेला ते विचारू नका. बिल आधीच पुढे गेलं असेल तर, लिपिक रजेवर असतील तर, साहेब सही देणार नाहीत तर, असं एकामागून एक मनात येत राहिलं. सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि ऑफिस उघडायच्या आधीच तालुक्याच्या गावी, औंढ्याला जाऊन पायरीवर बसले. लिपिक सव्वादहाला आले. त्यांनी शीट तपासलं, शासन हिश्शाच्या ओळीवर पेनाने टिंब केलं, जुनं शीट काढून घेतलं. त्याला टाचलेली प्रमाणपत्राची झेरॉक्स मी परत मागितली.

"राहू द्या फाइलला," ते म्हणाले.

"नाही. ती मला द्या," मी म्हणाले. ती झेरॉक्स मी सरांच्या हातात नेऊन दिली. बाकी मला काही परत करता येत नव्हतं.

तरीही पगार जमा होईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सगळं नीट झालं असं लिपिकांनी सांगितलं होतं, पण माझा माझ्यावरचाच विश्वास उडाला होता. वर्गात फळ्यावर साधा भागाकार केला तरी मी त्याचा दोनदा ताळा करून बघत होते. पोरं एकमेकांकडे बघायची. मार्चमध्ये पगार पडल्याचा मेसेज आला तेव्हा सरांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. आयकराच्या नावाने काहीही कापलं नव्हतं. त्यांनी "आला" एवढंच म्हटलं. दोन दिवसांनी ते रजा घेऊन नांदेडला गेले.

मशीनं आली, पण माझी काळजी मिटली नाही. सर परत आले ते पडलेल्या चेहऱ्याने. मशीन लावलं की मुलगी रडते, उपटून टाकते. हाक मारली तरी बघत नाही. टाळ्या वाजवल्या, ताट वाजवलं, काही नाही. डॉक्टर म्हणाले होते वेळ लागेल, सवय होऊ द्या. पण ताईने धीर सोडला होता. चौथ्या दिवशी ती मुलीला घेऊन शाळेत आली. घरात बसवत नव्हतं म्हणाली. मुलीच्या कानामागे मशीनं होती आणि ती व्हरांड्यात खडूचा तुकडा घेऊन फरशीवर रेघोट्या ओढत होती, माझ्या वर्गाकडे पाठ करून.

मी ते पाहिलं होतं, पण माझं लक्ष वर्गाकडे होतं. सहावीच्या एका पोराने तिसऱ्यांदा तेच गणित चुकवलं. वजाबाकी करायची तिथे हा बेरीज करून मोकळा. माझा तोल गेला आणि मी नेहमीसारखी ओरडले, "अरे, वजा कर म्हटलं ना! वजा!"

व्हरांड्यातून ताईचा हुंदका आल्यासारखा आवाज आला. मी दारात धावले. मुलीच्या हातातून खडू पडला होता. तिने मान वळवली होती आणि डोळे मोठे करून सरळ माझ्याकडे बघत होती. खालचा ओठ थरथरत होता, ती घाबरली होती. या लेकराने माझ्याकडून ऐकलेली पहिली गोष्ट म्हणजे माझं खेकसणं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

पण ताई डोळे पुसत हसत होती. शेजारच्या वर्गातून सर धावत आले होते, त्यांचा दंड तिने घट्ट धरला होता.

"वळली! मॅडम, वळली ती!" ती म्हणाली. "अजून एकदा वरडा ना. तुमाला माझी शपथ हाये, अजून एकदा वरडा."

सहावीचा अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी तोंड उघडलं, पण माझ्या गळ्यातून आवाज निघेना.